अठ्ठेचाळीस नंबर

तिला ऑफिसात सगळे आकडेताई म्हणत. नाव तिनेच ओढवून घेतलं होतं. डेटाबेसच्या स्क्रिप्टच्या नंबरावरून ती नव्या माणसाचं इतकं डोकं खायची, की तो चहाला जाताना जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजायला लागे.

त्यांचं सॉफ्टवेअर लहान दवाखान्यांसाठी होतं. रुग्ण, त्यांची औषधं, औषधांचे डोस, सगळं एका डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसच्या रचनेत किंवा आतल्या माहितीत बदल करायचा, तर कोणी थेट सर्व्हरवर बसून हात घालायचा नाही. बदलाची एक स्क्रिप्ट लिहायची, तिच्या नावाच्या सुरुवातीला पुढचा नंबर घालायचा आणि बाकीच्या कोडबरोबर ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवायची. मग जिथे जिथे डेटाबेस असेल तिथे एक टूल या स्क्रिप्ट नंबराच्या क्रमाने, प्रत्येक एकदाच चालवतं आणि कोणती कधी चालली ते डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात नोंदवून ठेवतं. मजा एवढीच, की दोन माणसं आपापल्या जागी बसून एकाच वेळी पुढचा नंबर घेऊ शकतात. त्यासाठी तिचा एक नियम होता. ज्याची स्क्रिप्ट मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, आधी गेली, नंबर त्याचा. मागून येणाऱ्याने मुकाट्याने आपला बदलायचा.

हा नियम तिने सगळ्यात जास्त वेळा काकांना सांगितला होता. काका म्हणजे चोवीस वर्षं औषधाच्या दुकानात उभं राहिलेला माणूस. दुकान बंद पडलं, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला बसला. टायपिंग दोन बोटांनी, पण औषधाच्या डोसाबद्दल काकांचं बोट कधी चुकायचं नाही. इथे लागून सहा महिने झाल्यावर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि ते सोमवारी ठरणार होतं. तिला ते 'गुरुजी' म्हणत. "गुरुजी, जरा इकडे ये, हे बघ बरं," असं. ती तीस वर्षांची, ते पन्नाशीला टेकलेले. दोघांनाही त्यात गंमत वाटायची.

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात काकांनी अठ्ठेचाळीस नंबरची स्क्रिप्ट लिहिली. डोस ग्रॅममध्ये साठवले जात होते, ते मिलिग्रॅममध्ये करायचे. म्हणजे सगळ्या डोसांना एक हजाराने गुणायचं, बस्स. सोमवारी ती मुख्य शाखेत गेली आणि मंगळवारी सकाळी दवाखाने वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर चालली. आकडेताई मंगळवारी रजेवर होती. बुधवारी येऊन तिने मुख्य शाखेतलं नवं काही न घेताच रुग्णांचा शोध जलद व्हावा म्हणून एक इंडेक्स तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली. नंबर घातला, अठ्ठेचाळीस.

गुरुवारी तिने मुख्य शाखा आपल्या कामात ओढून घेतली, तेव्हा गिटने हूं की चूं केलं नाही. गिटला नंबर कळत नाही. नंबराच्या पुढचं नाव वेगळं, म्हणजे त्याच्या मते फाईली दोन, भांडण नाही. भांडण काढलं टूलने. अठ्ठेचाळीस नंबरच्या दोन स्क्रिप्ट आहेत म्हणून ते चालायलाच तयार होईना.

नियम तिचाच होता. आपली एकोणपन्नास करायची. पण तिच्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये तिची अठ्ठेचाळीस चालून गेली होती. नंबर बदलायचा तर तो डेटाबेस पुसून पुन्हा भरायचा, त्यात अर्धा तास जाणार. दुपारी तीनला सगळं सर्व्हरवर चढवायचं होतं. काकांची स्क्रिप्ट अजून कुठे चालली असेल, असा विचार तिने केला. विचार केला म्हणजे काय, तशी इच्छा केली. आणि काकांच्या फाईलचं नाव बदलून तिने ती एकोणपन्नास करून टाकली. आतली एक ओळही बदलली नाही.

तीन वाजता सर्व्हरवर टूल पुन्हा अडलं. प्रत्येक चाललेल्या स्क्रिप्टच्या मजकुरावरून ते एक खूण काढून ठेवतं. इथे चाललेल्या अठ्ठेचाळीसची खूण आणि हातातल्या अठ्ठेचाळीसची खूण जुळत नव्हती. थांबून बघण्याची हीच वेळ होती. पण पूर्वी एकदा कोणीतरी जुन्या स्क्रिप्टमधली टिपणी बदलली होती, तेव्हाही हेच झालं होतं आणि तेव्हा 'रिपेअर' चालवून भागलं होतं. रिपेअर म्हणजे टूलला सांगायचं, हातातल्या फाईली खऱ्या, तक्त्यातली नावं आणि खुणा त्यांच्याप्रमाणे करून घे. तिने रिपेअर चालवलं. टूलने ऐकलं. अठ्ठेचाळीसच्या नोंदीवर तिच्या इंडेक्सचं नाव चढलं, जो इंडेक्स तिथे कधी तयार झालाच नव्हता. आणि काकांची स्क्रिप्ट एकोणपन्नास म्हणून, अगदी नवी कोरी असल्यासारखी, दुसऱ्यांदा चालली.

शुक्रवारी सकाळी एका दवाखान्यातून फोन आला. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीपुढे पाच लाख मिलिग्रॅम दिसत होतं. तिथल्या औषधं देणाऱ्या बाईंनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. दोन तास सगळे दवाखाने कागदावर चालले. टीमचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, त्याने गुरुवारच्या दुपारी चढवण्याआधी घेतलेल्या प्रतीवरून डोसांचा तक्ता जागेवर आणला. मग तो गुन्हेगार शोधायला बसला.

गिटमध्ये एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. फाईलची कुठली ओळ कोणी लिहिली ते ती सांगते. कप्तानने ती एकोणपन्नासवर चालवली. ओळ न ओळ काकांची निघाली. फाईलचं नाव कोणी बदललं हे ती आज्ञा सांगत नाही. ते वेगळं विचारावं लागतं, आणि घाईत ते कोणी विचारलं नाही.

"काका, डोस दोनदा गुणले गेलेत," कप्तान म्हणाला. "स्क्रिप्ट दोन नंबरांनी टाकली होतीत का?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी अठ्ठेचाळीस म्हणून टाकली होती... असं मला तरी वाटतंय."

"इथे तर एकोणपन्नास आहे."

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

आकडेताई तीन खुर्च्या सोडून बसली होती. तिला तेव्हाच सगळं समजलं. तोंड उघडायला एवढीशी जागाही होती. कप्तान पाणी प्यायला उठला, काका नुसते स्क्रीनकडे बघत होते. आणि तिने कीबोर्डवर काहीतरी बडवायला सुरुवात केली, काम करतेय असं दिसावं म्हणून.

शनिवार-रविवार घरी तिचं कशात मन लागलं नाही. आई म्हणाली, "तोंड का उतरलंय? कोणी बोललं का काही?"

"कोणी काही बोललं नाही, हेच तर आहे," ती म्हणाली.

आईला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. "मग तू बोल की," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. आईचं असंच असतं, न कळता नेमक्या जागी बोट ठेवते. सोमवारी सगळ्यात आधी सांगायचं, असं तिने ठरवलं. मग झाल्या प्रकाराचा अहवाल लिहिताना सांगू. मग कप्तानला एकटं गाठून सांगू. रविवार संध्याकाळपर्यंत तिच्या ठरवण्याला इतक्या पायऱ्या झाल्या की त्यात सांगणंच हरवून गेलं. तिला स्वतःचा रागही येत होता आणि कीवही येत होती, आणि कीव येते म्हणून आणखी राग येत होता.

सोमवारी ती मुद्दाम लवकर आली. काका तिच्याही आधी आलेले. समोर त्यांची वही उघडी, बाजूला सर्व्हरवरच्या नोंदींचा छापील कागद.

"बरं झालं आलीस, गुरुजी," ते म्हणाले. "मी आज कप्तानला सांगणार आहे, हे काम मला झेपत नाही. दुकानात चोवीस वर्षांत हजारपट डोस कधी कोणाच्या हातावर ठेवला नाही आणि इथे सहा महिन्यांत ठेवला. कायम करताय का म्हणून विचारायलाही लाज वाटते. पण जाण्याआधी एक शिकवून जा... म्हणजे, मी जाण्याआधी."

"काय?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बघ. अठ्ठेचाळीस. नाव तुझ्या इंडेक्सचं. चालल्याची वेळ मंगळवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. मी काल घरी बसून गिटमध्ये बघितलं, तुझी ही फाईल बुधवारी लिहिली गेलीय. बुधवारी लिहिलेली फाईल मंगळवारी कशी चालते? माझ्या डोक्यात काही बसेना. सांग ना."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. ते खरोखर शिकायला बसले होते, पेन्सिल हातात धरून. त्यांनी आरोप केला असता तर तिने कदाचित वाद घातला असता. यावर काय करणार?

"रिपेअर नाव बदलतं, वेळ बदलत नाही," ती म्हणाली. "मंगळवारी तुमचीच स्क्रिप्ट चालली, काका. गुरुवारी तिच्या नोंदीवर मी माझं नाव चढवलं. तुमच्या फाईलचा नंबर मी बदलला. माझा अर्धा तास वाचावा म्हणून. शुक्रवारीच कळलं होतं मला."

काका काही लिहीत होते, ते थांबले. वही मिटली. तिला वाटलं, ओरडावं त्यांनी, सगळ्यांसमोर ओरडावं.

"शुक्रवारी," ते एवढंच म्हणाले. मग उठून उभे राहिले. "मॅडम, मीटिंग दहाला आहे. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगते," ती म्हणाली, आणि रडली. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, जशी कोणाही अनोळखी बाईपुढे केली असती.

दहाला तिने सगळं सांगितलं, नंबरासकट आणि शुक्रवारच्या गप्प बसण्यासकट. कप्तानने तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, खऱ्या सर्व्हरवर रिपेअर चालवायचा तिचा अधिकार काढून घेतला आणि अहवालातली काकांना दोष देणारी ओळ खोडली. काका त्याच दिवशी कायम झाले. काकांच्या फाईलला आपला अठ्ठेचाळीस परत मिळाला. सर्व्हरवरची अठ्ठेचाळीसची नोंद पुन्हा त्या फाईलच्या नावावर केली, एकोणपन्नासची हाताने काढली. इंडेक्स पन्नास नंबराने गेला, कारण काहींच्या मशीनवर एकोणपन्नास आधीच चालल्याची नोंद होती आणि तोच नंबर पुन्हा वापरून नवा घोळ नको होता. मग सगळ्यांनी आपापले डेटाबेस पुसून भरले. तिचा भरायला बावीस मिनिटं लागली.

तेव्हापासून गिटमध्ये अठ्ठेचाळीसनंतर एकदम पन्नास येतो. टीममध्ये नवं कोणी आलं की महिन्याभरात विचारतंच, हा मधला नंबर कुठे गेला? काकांना सगळं माहीत आहे, दोन वाक्यांत सांगून मोकळे होऊ शकतात. पण ते स्क्रीनवरून मान वळवत नाहीत.

"ते मॅडमना विचारा," म्हणतात.

आणि ती खुर्ची ओढून घेते, शुक्रवारसकट सगळं सांगते.