अकराच्या जुळ्या

उत्तरा मॅडमचा हात दुपारी तीनलाच भरून आला. कल्याणच्या पॉलिटेक्निकमधल्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये एकोणसाठ जर्नलं समोर होती आणि अठ्ठावन्नांवर सही झाली होती. वाचायला असं काही नव्हतंच. प्रोग्रॅमच्या दर सूचनेपुढे ती काय करते हे लिहायचं, असा नियम. पण मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत होती आणि गेल्या वर्षीच्यांनी त्याआधीच्यांवरून. बेरजेच्या प्रयोगात हातच्याबद्दल, म्हणजे कॅरीबद्दल, अठ्ठावन्न जणांनी ‘कॅरी आल्यास B एकने वाढवा’ एवढंच लिहिलेलं. बाईंना स्वतःचाच कंटाळा आला होता, कारण हे सगळं सहा वर्षांपूर्वी त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

एकोणसाठावं जर्नल मालू नाखवाचं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःचं लिहिलं होतं: ‘बेरीज आठ बिटांत मावली नाही, वर गेलेलं B मध्ये सांभाळ.’ बाईंना गंमत वाटली. पण पुढच्या, संख्या चढत्या क्रमाने लावण्याच्या प्रयोगात एक सूचना जास्तीची निघाली. काल संध्याकाळी, डोकं दुखत असताना, बाईंनी तिथे लाल पेनने लिहून टाकलं होतं: ‘जास्तीची सूचना. प्रयोग पुन्हा लिहा.’ सह्या झालेल्यांची यादी आज पाच वाजता ऑफिसात जायची होती. यादीत नाव नाही, तर सोमवारच्या तोंडी परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलंच.

मालू कोरी पानं घेऊन समोर उभी राहिली. बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी लिहिलंय तसं लिही आणि मोकळी हो.

“लिहिते मॅडम. पण ती जेसीची ओळ आहे ना, त्याच्यापुढे काय लिहू?”

“कॅरी आली तर उडी. म्हणजे पहिली संख्या, ए, दुसरीपेक्षा लहान असेल तर अदलाबदल न करता पुढे जा. त्यात काय?”

“आणि दोन्ही सारखे असले तर? ते कुठे लिहायचं?”

बाई वैतागल्या. डेटा ठरलेला होता, सात संख्या, त्यांच्याच वहीतल्या. त्यात दोन सारख्या कधी नव्हत्याच. मालू मात्र खाली बघत सांगत राहिली. प्रयोगाच्या दिवशी डेटाचा कागद घरी राहिला होता, म्हणून तिने घरातल्या सात माणसांची वयं टाकली. तिच्या धाकट्या बहिणी जुळ्या, दोघी अकराच्या. प्रोसेसरच्या किटवर प्रोग्रॅम सुरू केला, तो थांबेचना. मग घरी जाऊन एकेका सूचनेपुढे ती काय करते ते लिहीत बसली, तेव्हा सापडलं.

बाई उठल्या, ते खरं तर तिला गप्प करायला. किटवर स्वतःचाच प्रोग्रॅम बोटांनी भरला, वयं भरली: सत्तर, पंचेचाळीस, अडतीस, अठरा, सोळा, अकरा, अकरा. सुरू केला. पडद्यावर ‘ई’ आला, म्हणजे काम चालू आहे. क्षणात जायला हवा होता. दोघी बघत राहिल्या. तो जाईना.

मग बाईंना उमगलं. संख्या सारख्या असल्या की कॅरी येत नाही. कॅरी नाही म्हणून प्रोग्रॅम दोन्हींची अदलाबदल करतो आणि ‘या फेरीत बदल झाला’ अशी खूण ठेवतो. खूण आहे म्हणून पुन्हा पहिल्यापासून फेरी. पुन्हा त्याच दोन अकरा, पुन्हा तीच खूण. अंत नाही.

रीसेट दाबून त्यांनी मालूची ओळ घातली: जेझेड, म्हणजे सारख्या असतील तरी पुढे जा. ओळ मध्येच घुसवायची म्हणजे पुढचं सगळं तीन घरं सरकवून, उड्यांचे पत्ते बदलून पुन्हा भरायचं. भरलं. या वेळी ‘ई’ आला तसा गेला. मेमरीत अकरा, अकरा, मग सोळा, सगळे शहाण्यासारखे ओळीत बसले होते.

बाईंना भयंकर लाज वाटली. सहा वर्षं त्या मुलांवर चिडत होत्या की नुसतं उतरवता, डोकं चालवत नाही. आणि जिने चालवलं, तिला लाल पेन.

मालूच्या पानावरचा शेरा त्यांनी खोडला, शेजारी ‘चूक माझी’ लिहून सही केली आणि यादीत तिचं नाव घातलं. मालूचं लक्ष मात्र गठ्ठ्याकडे होतं.

“सगळ्यांना परत लिहायला लावू नका हं मॅडम. मला मारतील ती.”

“नाही लावत. तू जा घरी.”

ती गेल्यावर बाईंनी यादी ऑफिसात देऊन टाकली, परत येऊन चष्मा पुसला आणि पहिलं जर्नल उघडलं. जेसीच्या ओळीखाली लाल पेनने जेझेड लिहिलं आणि त्याच्यापुढे मालूचं वाक्य: ‘दोघी सारख्या असतील तर हलवू नको, नाहीतर संपत नाही.’ मग दुसरं जर्नल. मग तिसरं. अठ्ठावन्न वेळा, मोडक्या इंग्रजीसकट, मालूच्या जर्नलमध्ये बघून बाईंनी ते उतरवलं.