व्हॉल्व्हवरच्या पाट्या

वर्गात तिला सगळे ‘आजी’ म्हणत, कारण ती एक वर्ष मागे राहिलेली. गेल्या प्रॅक्टिकल परीक्षेत हीट एक्स्चेंजरचा हाच प्रयोग वाट्याला आला होता. आतल्या नळीतून गरम पाणी, बाहेरच्या नळीतून गार. दोन्ही एकाच दिशेने सोडली की पॅरलल फ्लो, उलट दिशांनी सोडली की काउंटर. काउंटरची इफेक्टिव्हनेस, म्हणजे उष्णता पोचवण्याची क्षमता, जास्त येते, हे शेंबडं पोरही सांगेल. तिला मात्र काउंटरची कमी मिळाली, आणि या शहाणीने ती तशीच लिहिली. सरांनी लाल शाईत शेरा मारला, ‘रीडिंग चुकीची’, आणि तिचं वर्ष गेलं.

आज परीक्षेत तोच सेट, पाण्याचा प्रवाह दोन्ही वेळा सारखाच, आणि पुन्हा तेच! पॅरललला ०.६०, काउंटरला ०.४८.

“आजी, तक्त्यांवरचे मथळे बदल ना,” प्रयोगातला जोडीदार कुजबुजला. “सगळे तेच करतात. कोण बघतंय?”

“का बदलायचे ते कळल्याशिवाय नाही बदलणार.”

“मग बस आणखी एक वर्ष!”

तिने तक्ता पुन्हा वाचला. पॅरलल: गरम पाणी पासष्टवरून एक्केचाळीसवर उतरलं, गार पंचवीसवरून अठ्ठेचाळीसवर चढलं. ती थबकली. एकाच दिशेने वाहणारे दोन प्रवाह एकाच टोकाला बाहेर पडतात. मग गार पाणी शेजारच्या गरम पाण्यापेक्षा जास्त तापून निघेलच कसं?

तिने ‘पॅरलल’ पाटीचे व्हॉल्व्ह पुन्हा उघडले, पाच-दहा मिनिटं थांबली आणि गरम पाणी शिरतं त्या टोकाला बाहेरच्या नळीवर तळहात ठेवला. गार पाणी इथूनच शिरत असतं तर नळी गार लागली असती. ती चांगलीच गरम होती.

“सर,” तिने हाक मारली. “इथे हात लावून बघा.”

सरांनी हात लावला. मग दुसऱ्या टोकाला लावला. मग लॅबमधल्या शिपाई मामांकडे पाहिलं.

मामा ओशाळले. “तीन वर्षांपूर्वी रंग दिला, तेव्हा पाट्या मीच काढून परत बसवल्या होत्या, साहेब. अदलाबदल झाली वाटतं.”

“तीन वर्षं!” सर म्हणाले आणि कपाटाकडे गेले. जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते एकेक पान उलटू लागले. प्रत्येक रिपोर्टात काउंटर जास्त, पॅरलल कमी, अगदी पुस्तकात असतं तसं. प्रत्येकावर सरांची सही. जोडीदाराने मान खाली घातली.

गठ्ठ्याच्या तळाशी तिचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट निघाला. सरांनी तो उघडून त्यातला तक्ता वाचला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, आपला शेरा खोडला आणि खाली तारीख घालून सही केली.