पाहिले नाही

गोदामाला कुलूपच नव्हतं. कडीत वाळकी काठी खोचलेली होती. शुक्राने ती काढून दार ढकललं, तेव्हा सुचेता गुप्ते यांना आत तीनशे टन लोखंडाचे ठोकळे दिसायला हवे होते. दिसली ती पोत्यांत भरलेली मोहाची फुलं आणि उन्हाला कंटाळून आत येऊन बसलेल्या चार शेळ्या.

"इथे लोखंड ठेवलेलं कधी पाहिलंत?" सुचेताबाईंनी विचारलं.

शुक्रा मागच्या वाडीतला. गोदामाच्या सावलीत त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. तो जरा हसला. "लोखंड? नाय बाय. ट्रक यायला रस्ताच कुठं हाय? दोन पावसाळं झालं, आमीच मोव ठेवतो हितं."

दोन पावसाळे. सुचेताबाईंनी मनात महिने मोजले. त्या पोत्यावर बसल्या. शुक्राने न मागता पाण्याचा तांब्या आणून दिला.

सुचेताबाई कर्जतच्या सनदी लेखापाल. स्टेशनाजवळ औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, बावन्न वर्षं वय, आणि गावात नाव असं की त्यांनी कागद परत केला तर लोक आधी आपली चूक शोधत. साजगावला हरेश घरत यांचा विजेच्या भट्टीचा कारखाना होता. भंगार वितळवून ठोकळे ओतायचे. त्या कंपनीचं ऑडिट सहा वर्षं त्यांच्याकडे होतं. यंदा हरेशशेठना घाई होती. बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती, आणि बँक कर्ज देते ते शिल्लक मालावर. एप्रिल संपायच्या आत हिशेब तयार, ताळेबंदात एकतीस मार्चचा साठा चारशेवीस टन.

आवारात सुचेताबाईंनी स्वतः उभं राहून वजन करून घेतलं होतं. एप्रिलमध्ये आलेला-गेलेला माल वजा-अधिक करून मागे गेल्यावर आकडा निघाला एकशेवीस. उरलेला माल खालापूरच्या गोदामात आहे, असं शेठ म्हणाले आणि गोदाममालकाचं सहीशिक्क्याचं पत्र पुढे केलं. गोदाममालक म्हणजे शेठचे मेहुणे.

असंच पत्र मागच्या वर्षीही आलं होतं. नव्वद टनांचं. तेव्हा सुचेताबाई गोदाम बघायला गेल्या नव्हत्या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, टेबलावर ढीग, वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. पत्र फाइलला लावलं आणि सही केली. झालं होतं ते एवढंच.

ऑफिसात येऊन त्यांनी कारखान्याची वीजबिलं काढली. बालपण भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं, त्यामुळे युनिटवर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास. या भट्टीला एक टन ओतायला साधारण साडेसहाशे युनिट लागत. वर्षभराच्या युनिटांत जेवढा माल निघाला असता, त्यापेक्षा रजिस्टरमधलं उत्पादन दोनशेदहा टनांच्या आसपास जास्त होतं. मग त्यांनी मागच्या वर्षीची बिलं काढली. काढू नयेत असं वाटत होतं, तरी काढली. तिथे फरक नव्वदच्या जवळपास. दोन्ही मिळून तीनशे. न ओतलेलं लोखंड न भरलेल्या गोदामात व्यवस्थित मावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेशशेठ स्वतः ऑफिसात आले. माणूस वाईट नव्हता, हेच अवघड होतं. मजुरापासून मालक झालेला, कामगारांच्या घरच्या लग्नांत पंगतीला वाढणारा. त्यांनी आधी अप्पांची तब्येत विचारली, मग साठ कामगारांची गोष्ट काढली. मर्यादा वाढली नाही तर भट्टी थंड होईल, पुढच्या दोन वर्षांत खड्डा भरून काढतो, असं सांगितलं. सुचेताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सही करीन, म्हणाल्या, पण माझ्या शब्दांत. साठा नाही, नफा खोटा आहे आणि हिशेब कंपनीचं खरं चित्र दाखवत नाहीत, असं अहवालात लिहून.

"तसला कागद बँकेत घेऊन जाऊ काय मी?" शेठ म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मॅडम, मागल्या वर्षी याच गोदामाच्या पत्रावर सही केली तुमी. तवा गोदाम बघितलंवतं काय?"

सुचेताबाईंनी टेबलावरची वीजबिलं सरळ लावली.

"मग आमच्यासंगं तुमी पन बुडणार. आमचे सोयरेधायरे धरून अकरा फायली हायत तुमच्याकडं, त्या जातील त्या येगळ्याच. त्यापरीस राजीनामा द्या. कारण लिवा, तब्येत बरी नाय. मी दुसरा मानूस बघतो."

"राजीनाम्यातही खरं कारण लिहावं लागतं, हरेशशेठ. आणि तो देऊन मी सुटत नाही. रक्कम कोटीच्या वर आहे. काल मला कळलं; आता दोन दिवसांत मला तुमच्या संचालक मंडळाला लेखी कळवावं लागेल. उत्तराला पंचेचाळीस दिवस. त्यानंतर पंधरा दिवसांत तुमचं उत्तर आणि माझं म्हणणं दिल्लीला, केंद्र सरकारकडे जाईल."

शेठ उठले. दारात थांबून म्हणाले, "इचार करा. नाव कमवाया तीस वर्सं लागली तुमाला." धमकी नव्हती ती, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

दुपारी सुचेताबाई जेवायला घरी गेल्या आणि जेवल्याच नाहीत. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. शेठ खोटं बोलले हे पत्रात लिहिणं सोपं होतं. मागच्या वर्षीचे नव्वद टन गाळून लिहिणंही सोपं होतं. कोणी विचारलं तर बघू.

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. भिवपुरीला त्यांनी चौतीस वर्षं दर तासाला मीटर वाचून लॉगबुकात आकडे भरले होते.

"अप्पा, तो तुमचा तीनचा रकाना. का नाही भरलात?"

कुठल्या कंपनीचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. अशिलाची गोष्ट घरात काढायची नाही, हा नियम होता. अप्पांनी विचारलंही नाही. तो रकाना घरात सगळ्यांना पाठ होता. एका दुपारी अप्पांचा डोळा लागला आणि तीनचं रीडिंग राहिलं. सोबतचा म्हणाला, दोन आणि चारच्या मधला आकडा टाक, कोणाला कळतंय. अप्पांनी रकान्यात लिहिलं, 'पाहिले नाही', आणि खाली सही केली. बढती तीन वर्षं लांबली. आईने ती गोष्ट मरेपर्यंत ऐकवली.

"मधला आकडा बरोबरच आला असता गं," अप्पा म्हणाले. "पण मग माझे बाकीचे आकडे कोणी का खरे मानायचे?"

सुचेताबाई ऑफिसात परत आल्या आणि पत्र लिहायला बसल्या. साठा, वजनाचे तक्ते, गोदामाची तारीख, वीजबिलं, दोन्ही वर्षांचे फरक. मग त्यांनी लिहिलेलं सगळं खाली सरकवलं आणि सगळ्यात वर पहिला मुद्दा घातला: 'गतवर्षी या गोदामातील साठा मी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. केवळ पत्रावर विसंबून अहवाल दिला.' सही केली आणि पोस्टात जाऊन रजिस्टर करून आल्या.

पुढे ते सगळं क्रमाने झालं. मंडळाचं गोलमाल उत्तर आलं, ते दिल्लीला गेलं. बँकेने मर्यादा वाढवली नाही. भट्टी एका पाळीवर आली आणि साठ कामगारांतली बावीस माणसं घरी बसली. त्यांतल्या काहींच्या बायका बाजारात सुचेताबाईंना पाहून तोंड फिरवत. अकरा फायली गेल्या. दोन खोल्यांपैकी एक खोली त्यांनी सोडली.

दिवाळीनंतर सनदी लेखापालांच्या संस्थेकडून चौकशीचा लिफाफा आला. हलगर्जीपणाचा ठपका का ठेवू नये, असा मजकूर, आणि सोबत प्रश्नांची यादी. चौथा प्रश्न होता: गतवर्षीचा साठा आपण प्रत्यक्ष पाहिला होता काय?

त्यापुढे उत्तराला अर्धं पान मोकळं सोडलेलं होतं. सुचेताबाईंनी तिथे दोनच शब्द लिहिले, खाली सही केली, आणि बाकीचं अर्धं पान तसंच कोरं ठेवून लिफाफा बंद केला.