कोरा रकाना

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत जीएसटीचं ऑडिट चालू होतं आणि मालकीण वैजयंता चौगुलेचं डोकं भट्टीपेक्षा जास्त तापलं होतं. वार्षिक विवरणपत्रात दाखवलेली विक्री ताळेबंदापेक्षा सहा लाखांनी कमी होती. ऑडिटला आलेल्या तांबोळीसाहेबांचा लेखी सवाल होता: फरक का? विक्री लपवली का?

सीए मिरजकर हळूच म्हणाले, "वहिनी, लाखभर कर आहे. व्याजासकट भरून मोकळं व्हा. सगळी वसाहत असंच मिटवते."

"वसाहतीचं मला काय सांगताय? भरलं की चोर ठरले मी. मग मागची सगळी वर्षं उकरतील. मी नाही भरणार."

फरक तिला पाठ होता. लोखंड महागलं की माल घेणारी मोटार कंपनी वाढीव दर देते, पण महिने घालवून. तोवर बँकेला मार्चचा ताळेबंद हवा असतो. म्हणून वैजयंताने अंदाजाने सहा लाख उत्पन्न धरलं. कंपनीचं पत्र जूनमध्ये आलं, तेव्हा वाढीव रकमेची डेबिट नोट काढली आणि कर जूनच्या विवरणपत्रात भरला. उत्तरात तिने हेच लिहून नोट जोडली होती.

साहेबांनी संगणकावर जून काढला. "नोट आहे. पण पाच लाख चाळीस हजारांची. वरचे साठ हजार कुठं गेले?"

"कंपनीनं कापले! भट्टी माझी, घाम माझा, भाव त्यांचा. हे त्यांचं पत्र, आणि ही आम्ही पुढच्या वर्षी उलटवून उत्पन्नातून कमी केलेली नोंद. न मिळालेल्या पैशावर कर मागताय? आधी ते साठ हजार मला आणून द्या, साहेब."

साहेबांनी पत्र सावकाश वाचलं. "मग ताळेबंद आणि विवरणपत्राच्या मिळवणीच्या पत्रकात 'वर्षअखेरीस बिल न झालेलं उत्पन्न' असा रकाना आहे, तो कोरा का? तो भरला असता तर हा सवालच आला नसता."

पत्रक मिरजकरांनी भरलं होतं. ते एकदम चहाच्या कपात बघू लागले. 'भरून मोकळं व्हा' यामागचं इंगित वैजयंताला आत्ता कळलं. तिला संताप आला. पण चारचौघांत आपल्या माणसाला उघडं पाडणं तिला जमणारं नव्हतं.

"सही माझी आहे. रकाना कोरा राहिला, ही चूक माझी. पण कोरा रकाना म्हणजे चोरी नव्हे. पटत नसेल तर रीतसर नोटीस काढा. तिथंही हेच उत्तर देईन."

साहेबांनी आपल्या यादीतून तो मुद्दा खोडला. "आणि कारखान्यातल्या विजेच्या जुन्या मोटारी भंगारात विकल्या, त्यावर कर नाही भरलेला?"

"राहिला. तो आजच भरते, व्याजासकट."

साहेब निघून गेले. मिरजकर घाम पुसत म्हणाले, "वहिनी, उपकार झाले."

"उपकार नाहीत, भाऊजी. तुमच्या या वर्षीच्या बिलात फीचा रकाना आहे ना? तोही तसाच कोरा पाठवा."