दोन म्हशींचा महिना

पिंपळवंडीच्या मळ्यात म्हस्कू आणि सयाजी या दोघा भावांची घरं समोरासमोर होती. एकाच्या ओट्यावर बसलं की दुसऱ्याची चूल दिसायची. म्हस्कूची बायको गजराबाई रोज सकाळी ओट्यावर चहा घ्यायची आणि समोर धाकट्या जावेला, बयाबाईला, दुधाचा कॅन घेऊन डेअरीकडे निघताना बघायची. तेवढं बघितलं की तिचा चहा कडू व्हायचा.

बयाबाईकडे दोन दुभत्या म्हशी होत्या. महिन्याला पाच हजारांचं दूध जातं, हे साऱ्या मळ्याला ठाऊक होतं. दोन हजार चार साल होतं, बाईला दिवसाची मजुरी पन्नास रुपये मिळायची. तेव्हा घरबसल्या पाच हजार म्हणजे चेष्टा नव्हती. बयाने लोखंडी कपाट घेतलं, न्हाणीला फरशी घातली. दरवेळी गजराबाई बघून यायची, "बरं झालं बया" म्हणायची आणि रात्री नवऱ्यामागे लागायची, "आपल्यालाबी दोन म्हशी घ्या."

"छत्तीस हजार आणू कुठून?" म्हस्कू कूस बदलायचा.

आषाढात बयाची शिनोलीला दिलेली लेक दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती आणि तिच्या सासरी करणारं कोणी नव्हतं. सयाजी ट्रकवर, महिना-महिना बाहेर. बया समोरच्या ओट्यावर येऊन बसली.

"आक्का, महिनाभर म्हशी बघता का? पेंड, वैरण, औषध माझ्याच हिशेबातनं आणा. ते जाऊन जे उरंल ते तुमचं."

गजराबाईने मानेनेच हो म्हटलं. तोंड उघडलं असतं तर हसू सांडलं असतं. पाच हजार जमा. पेंडीबिंडीचे हजार जातील. चार हजार तर कुठं गेले नाहीत!

बया एसटीत बसली त्याच संध्याकाळी गजराबाई बादली घेऊन गोठ्यात शिरली. आधी थोरल्या म्हशीखाली बसली. म्हशीने मान वळवून एकदा बघितलं आणि पान्हा चोरला. ओढून ओढून बोटं दुखली. धाकटीने तर लाथेने बादली उडवली. ज्या गोठ्यातून बयाबाई रोज बारा लिटर डेअरीला घालायची, तिथून जेमतेम नऊ निघायला लागलं.

म्हस्कूने ऐकलं आणि तो म्हणाला, "जनावर वासावर असतंय गजरा. बयाचं जुनं लुगडं नेसून बस, देतील दूध."

"मी तिचं लुगडं नेसू? थोरली हाय मी!"

त्यापेक्षा तिने पेंड वाढवली. खाईल तेवढं देईल, असा तिचा हिशेब. दूध तेवढंच राहिलं, पण चौथ्या दिवशी थोरली म्हैस फुगून आडवी झाली. जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला, नळीने औषध पाजलं, फी घेतली आणि वर बोलून गेला, "बाई, सरकी पेंड म्हंजे काय खिरापत हाय का?"

दहा दिवसांनी डेअरीचं बिल झालं. चौदा रुपये लिटरने बाराशे साठ. बयाचं दर दहा दिवसांना सोळाशे ऐंशी व्हायचं. बिल घ्यायला आलेल्या बाया एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "बयाच्या हाताला गुण हाय बाई." गजराबाईला ते शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिले. दूध कमी पडल्याचं तिला एवढं लागलं नाही. बयाच्या नावाची वाहवा तिच्या तोंडावर झाली, ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं.

डेअरीचा हौशीराम रोज डिग्री लावायचा. दुधात काचेची नळी सोडली, ती नेहमीपेक्षा खाली बुडाली. त्याने पुन्हा लावली. रांगेतले लोक पुढे वाकून बघू लागले.

"गजरावैनी," तो हळूच म्हणाला, "हे दूध मला घेता यायचं न्हाई. अन् डेअरीच्या वहीत ह्यो नंबर बयाचा हाय. सात वर्षांत तिचा कॅन कधी माघारी गेला न्हवता."

पाच लिटर दूध तिने ओढ्याच्या कडेला ओतलं.  घरी येऊन तिने बयाच्या दोरीवरचं विटकं हिरवं लुगडं काढलं आणि नेसलं. लुगड्याला पेंडीचा आणि घामाचा वास होता. त्या संध्याकाळी धाकटीने लाथ मारली नाही. थोरलीने पान्हा सोडला. हळूहळू दूध अकरावर आलं. पण प्रत्येक धारेला गजराबाईच्या मनात येत होतं, ही धार माझी न्हाई, तिच्या लुगड्याची हाय.

बया सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच आली. स्टॅंडवरच तिला कुणीतरी कॅनची बातमी दिली होती. ती तडक गोठ्यात आली, तर तिच्याच लुगड्यात जाऊ म्हशीखाली बसलेली. गजराबाईला उठता येईना, की दूध सोडता येईना.

"पुरं काढून घ्या आक्का," बया म्हणाली, "अर्धी कास ठेवली तर दगडी व्हईल, सुजून घट्ट व्हईल."

दूध काढून झालं. दोघी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. बया कॅनबद्दल बोलेना, तेव्हा गजराबाईच उसळली.

"बोल की! माझ्यापायी तुझा नंबर बाटला. शिव्या घाल."

"हौशीरामला उद्या मी भेटते. आधी सांगा, तुमच्या पदरात काय पडलं?"

तिन्ही बिलं मिळून चार हजारांना दहा कमी. पेंडीला सोळाशे ऐंशी, कडब्याच्या पेंढ्यांना सातशे वीस, उसाच्या वाढ्याला आणि घासाला पाचशे. डॉक्टर, क्षारमिश्रण धरून दोनशे ऐंशी. उरले आठशे दहा.

"अन् तुमची मजुरी?"

"घरच्या कामाची कसली मजुरी?"

"रोज अर्धा दिस राबलात. खुरपायला गेला असता तर पंचवीस मिळाले असते. महिन्याचे साडेसातशे."

गजराबाईने बोटं मोडली, पुन्हा मोडली. "म्हंजे नफा साठ रुपयं?"

"मी करते तवा पाचच्या पाच हजार सुटत्यात, असं समजू नगा. दूध पुरं, आजार न्हाई, तर पाच हजारांतनं दोन हजार उरत्यात. त्यातनं माझी मजुरी काढली की बाराशे-साडेबाराशे. त्येबी दुभतं हाय तोवर. आटल्यावर चार-पाच महिने फुकट खात्यात, म्हशीची किंमत उतरती ती येगळीच. पेंड महाग झाली की रातीला झोप लागत न्हाई."

"मंग कपाट? फरशी?"

"कपाट ह्यांच्या ट्रकच्या पैशाचं. फरशी शेणखताच्या ट्रॉल्या इकून." बया पुढे म्हणाली, "लोकं म्हणायची पाच हजार, मी कधी 'न्हाई' म्हणले न्हाई. तुमी ओट्यावरनं बघायच्या ना आक्का, मला बरं वाटायचं."

गजराबाईने तिच्याकडे टक लावून बघितलं. एवढी वर्षं आपण एकटीच जळतोय, असं तिला वाटत होतं. समोरची त्या जाळावर हात शेकत होती, हे तिला आज कळलं. राग यायला हवा होता, तो आलाच. पण त्याच्यामागोमाग थोडं हसूही आलं.

सकाळी दोघी मिळून डेअरीवर गेल्या. गजराबाई रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पाणी मी घातलं व्हतं. बयाचा काय बी संबंध न्हाई." हौशीरामने डिग्री लावली, फॅट काढली आणि दूध घेतलं.

वाटेत बयाने डेअरीच्या बिलातले आठशे दहा तिच्या हातावर ठेवले. गजराबाईने ते घेतले, नको म्हणाली नाही. त्या दिवाळीत म्हस्कूने दोनऐवजी एकच म्हैस आणली, ती वैरण घरच्या बांधावर निघेल एवढ्याच हिशेबाने. नवी म्हैस पहिल्या दिवसापासून गजराबाईच्या हाताला लागली, आणि बया समोरच्या ओट्यावर चहा पीत तिला दूध काढताना बघत बसू लागली.