चौथ्या प्रश्नावरची अर्धी रेघ

चौथा प्रश्न वाचून झाल्यावर तिने प्रश्नपत्रिका उलटून मागची बाजू पाहिली. चुकून दुसऱ्याच खात्याचा पेपर हातात पडला असावा अशी तिला मनापासून आशा वाटली. मागे काहीच नव्हतं. पुढे मात्र स्पष्ट छापलं होतं: पन्नास हजार वस्तीसाठी, माणशी रोज एकशे पस्तीस लिटर पाणी धरून, साठ अंशांत तिरक्या पत्र्यांची निवळण टाकी आखा. एका पत्र्याचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. आडव्या क्षेत्राच्या दर चौरस मीटरवर रोज तीस घनमीटर पाणी धरा. आकृती काढा. गुण वीस.

तिरके पत्रे? जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सतरा वर्षं सहायक होती. तिथली निवळण टाकी म्हणजे गाळ खाली बसवायचा साधा, सपाट, उघडा हौद. त्यात पत्रा पडलाच तर तो छपराचा, आणि तो वादळात.

रसायनतज्ज्ञाच्या पदासाठीची ही खात्याची परीक्षा ती तिसऱ्यांदा, आणि नियमाप्रमाणे शेवटची, देत होती. पास व्हायला शंभरात पन्नास. यंदा हुकलं की निवृत्तीपर्यंत बाटल्या धुवायच्या आणि दर दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या साहेबाला तुरटीचा डबा कुठे असतो ते दाखवायचं. केंद्रावरचे पंप ऑपरेटर काका तिला 'वाचनालय' म्हणत, कारण नमुने तपासून झाले की ती पुस्तक उघडून बसे. सकाळी निघताना ते म्हणाले होते, "वाचनालय, एवढी जाडजूड पुस्तकं संपवता, हा पेपर काय चीज आहे?" तिनेही मोठ्या ऐटीत मान हलवली होती. आता तीच मान खाली घालून ती बसली होती, आणि आजवर वाचलेल्या चारशे कादंबऱ्यांपैकी एकीतही तिरका पत्रा नव्हता.

मागच्या खेपेला इथपासूनच घसरगुंडी सुरू झाली होती. एक प्रश्न अनोळखी निघाला, तिने दीड पान लिहिलं, मग ते सगळं हास्यास्पद वाटलं म्हणून त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. निकाल लागला तो सेहेचाळीस.

तिचे बाबा गणिताचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी बोर्डाचे पेपर तपासले, आणि लहानपणी त्या गठ्ठ्यांच्या बेरजा पडताळायचं काम तिच्याकडे असे; ती बेरीज मोठ्याने करी, जमली की बाबा 'पुढचा' म्हणत. त्या सेहेचाळीसनंतर त्यांनी विचारलं होतं, "रेघ का मारलीस?"

"चूक होतं ना बाबा सगळं."

"सगळं? कुणी सांगितलं?"

"मला कळत होतं."

"अगं, तुला कळत असतं तर पास नसती का झालीस?" ते हसले होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "किती चूक, किती बरोबर हे ठरवायला मी बसलोय ना लाल पेन घेऊन? रेघ मारलेल्यावर मला हात लावता येत नाही. माणूस गुण द्यायला निघालेला असतो आणि तू दारच लावून घेतेस."

"तुम्ही कुठे तपासणार होतात माझा पेपर?"

"कुणीतरी माझ्यासारखाच असेल की. कंटाळलेला, चहा गार झालेला. त्याला शोधायला काहीतरी ठेवावं."

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. तिने पेन खाली ठेवलं, दोन घोट पाणी प्यायली आणि चौथा प्रश्न तसाच सोडून पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा लिहून काढला. ते काही फार थोर झाले नाहीत, पण ओळखीचे तरी होते. उरली चाळीस मिनिटं.

मग तिने चौथा प्रश्न पुन्हा वाचला, या वेळी 'तिरक्या पत्र्यांची' एवढे शब्द बोटाखाली झाकून. खाली उरलं ते तिचंच रोजचं काम! वस्ती गुणिले माणशी पाणी: सदुसष्ट लाख पन्नास हजार लिटर, म्हणजे रोजचे सहा हजार सातशे पन्नास घनमीटर. त्याला तिसाने भागलं: दोनशे पंचवीस चौरस मीटर. सूत्र लिहिलं, एककं लिहिली, उत्तराभोवती चौकट केली. हे तर पंप ऑपरेटर काकांनीही केलं असतं, आणि तेही विडी न विझवता.

आता बोट उचलणं भाग होतं.

पत्रे कसे बसवत असतील? तिला बाबांचं कपाट आठवलं. त्यांची गाईडं शाळेला देऊन टाकल्यावर फळी अर्धी रिकामी झाली होती आणि उरलेली पुस्तकं एकमेकांवर कलली होती. रोज बघून न बघितल्यासारखं करायची, अशी ती फळी. तिने तीच काढली: कललेल्या पुस्तकांची रांग, एका बाजूने गढूळ पाणी आत, वरून स्वच्छ पाणी बाहेर, तळाशी गाळ. नावं दिली. बाजूला लिहिलं, 'पत्रे तिरके, कारण गाळ घसरून खाली यावा.' हा शुद्ध अंदाज होता. त्या पुस्तकांवरची धूळ काही घसरत नव्हती, पण तेवढं तिने लिहिलं नाही.

पत्र्यांची संख्या? दोनशे पंचवीस भागिले दोन, म्हणजे एकशे तेरा. पण आडव्याचा हिशेब तिरक्याला कसा चालेल? कलला की पत्र्याची आडवी सावली कमी होणार. किती कमी, ते काढायला त्रिकोणमिती लागणार, आणि गणिताच्या मास्तरांच्या मुलीने ती दहावीनंतर बाबांच्याच भरवशावर सोडून दिली होती. तिने लिहिलं, 'पत्रे आडवे धरल्यास ११३. तिरके असल्याने प्रत्यक्षात अधिक लागतील. किती, ते मला काढता आलं नाही.'

शेवटची दहा मिनिटं. तिने ते वाक्य वाचलं आणि कानशिलं तापली. चाळीस ओलांडलेली बाई उत्तरपत्रिकेत कबुलीजबाब देते! पेपर तपासणाऱ्याच्या घरी याच्यावर हशा पिकणार. पेन आपसूक पानाच्या कोपऱ्यात टेकलं आणि खाली सरकायला लागलं.

बोटभर रेघ गेली असेल. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि पर्यवेक्षिका येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. त्या बाईंनी विचारलंच, "थंडी वाजतेय का?"

"नाही हो," ती म्हणाली, "हातांना सवय वाईट आहे."

निकाल आला तेव्हा पंप ऑपरेटर काकांनी तिच्याआधी यादी पाहिली. "वाचनालय, एक्कावन्न!" ते पंपाच्या आवाजावर ओरडले. "एक जास्तच झाला की! कुणाला देताय?"

तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. पास झालेलं कुणी प्रत मागवत नाही, त्यामुळे खिडकीवरच्या कारकुनाने तिच्याकडे संशयाने पाहिलं. बाकी चार प्रश्नांचे मिळून बेचाळीस. चौथ्यात: पाण्याला तीन, क्षेत्रफळाला चार, आकृतीला एक. संख्येचा हिशेब चूक, तिथे भलंमोठं शून्य. आणि 'अधिक लागतील' या शब्दांखाली अधोरेखा, समासात एक. कोपऱ्यातल्या त्या बोटभर रेघेला लाल पेनाने गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलेलं होतं, म्हणजे तपासणारा तिथे क्षणभर थांबला होता.

घरी येऊन ती त्या फळीसमोर बसली. तीन, चार, एक, एक. नऊ. नऊ आणि बेचाळीस, एक्कावन्न. बेरीज बरोबर होती. तरी तिने ती पुन्हा एकदा केली, या वेळी मोठ्याने, गठ्ठा पुढे सरकवताना करायची तशी, आणि पलीकडून "पुढचा" असं कुणी म्हणेना म्हणून थोडा वेळ तशीच बसून राहिली.