हौसाबाईंच्या घरातलं शिक्षणकर्ज

लोकांचे कर वाचवायचे कागद बघून बघून मला त्यांची शिसारी आली आहे. सत्तावीस वर्षं मी पनवेलच्या जुन्या बाजारात, एका पिठाच्या गिरणीच्या वर बसून रिटर्नं भरते. खालून पीठ उडतं आणि वरून लोक थापा मारतात. एका बँकेतल्या साहेबांनी आरोग्य विम्याचा पुरावा म्हणून जिमची पावती आणली होती. एका बाईंनी गणेश मंडळाच्या वर्गणीची पावती देणगी म्हणून पुढे सरकवली आणि ‘देवाच्या कामात कसला आलाय नोंदणी क्रमांक’ असं वर मलाच सुनावलं. मागा पुरावा, की चेहरे बघा. जणू मी त्यांच्या घरची कपाटं उघडायला निघाले आहे.

२०१४ सालची गोष्ट. गौरी-गणपती उरकले होते आणि गव्हाणचा बुधाजी कोळी माझ्या समोर पिशवी धरून उभा होता. बंदरावर क्रेन चालवणारा, पन्नाशीला आलेला, आडदांड माणूस. त्या दिवशी मात्र पार गळून गेलेला.

“बाई, नोटीस आली हाय,” तो म्हणाला. “आन् हौसा घर सोडून गेली.”

“नोटिशीमुळे?”

“तिच्यात लिवलंय, मी पोराच्या शिक्षणाचं कर्ज फेडतंय.”

“मग फेडत असाल.”

“आमाला पोरच नाय, बाई.”

मी पेन खाली ठेवलं.

नोटीस घरी पोस्टाने आली, तेव्हा बुधाजी कामावर होता. इंग्रजी वाचता येणारं कुणी हवं म्हणून हौसाबाई ती घेऊन शाळेतल्या मास्तरणीकडे गेल्या. मास्तरणीने वाचून सांगितलं, की तुमच्या नवऱ्याने शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट घेतली आहे, बँकेचा दाखला मागितलाय. लग्नाला चोवीस वर्षं झालेली, पोटी मूल नाही, आणि नवरा कुणाच्या तरी पोराचं शिक्षण करतोय. हौसाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. संध्याकाळी बुधाजी घरी आला, तर मासळीची पाटी उपडी घातलेली आणि बायको उरणला भावाकडे.

“आता गेलो की दार लावून घेते. बोलते, त्या बाईकडं जा,” बुधाजी म्हणाला. “कंची बाई? मी काय सांगू तिला?”

मी त्याचं रिटर्न काढलं आणि माझं डोकं तापलं. एटी-डी, म्हणजे आरोग्य विमा, पंधरा हजार. एटी-जी, म्हणजे देणगी, तीस हजार, परगावच्या कुठल्याशा सेवा ट्रस्टला. आणि एटी-ई, शिक्षणकर्जाचं व्याज, अडुसष्ट हजार. ह्या सगळ्यावर त्याला दहा हजारांच्या आसपास परतावा मिळाला होता.

“कुणी भरलं हे?”

“इंद्रजीतने. एसटी स्टँडसमोर बसतो. परताव्यातला चौथा हिस्सा त्याचा.”

इंद्रजीत. सहा वर्षं माझ्याच ऑफिसात होता. एटी-ईच्या वजावटीला वरची मर्यादा नसते, हे त्याला मीच शिकवलं होतं. बँकेच्या दाखल्यावर व्याज आणि मुद्दल वेगळं हवं, कारण वजावट फक्त व्याजाची, तेही मीच. कामाचं तेवढं त्याने उचललं आणि बाकीचं माझ्याकडे ठेवून गेला.

“आणि तुम्ही विचारलं नाही, पैसे कशाचे आले ते?”

बुधाजीने खाली पाहिलं. “सगळी घेत व्हती, बाई. क्रेनवरची पोरं, ट्रेलरवाले. मी पन घेतले.”

म्हणजे हाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. फुकटचे पैसे आले तेव्हा तोंडाला कुलूप होतं. बायको गेली तेव्हा बाईंची आठवण झाली. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, त्याचाही मला राग आला.

मी जिना उतरून तडक एसटी स्टँड गाठलं. इंद्रजीतच्या दुकानावर ‘झटपट रिफंड’ असा लाल बोर्ड आणि आत पंचवीस-तीस माणसं रांगेत. मला पाहून तो उठला, पाया पडायला वाकलासुद्धा. मी पाय मागे घेतला.

“गव्हाणच्या बुधाजी कोळ्याला एटी-ई कशासाठी टाकलंस?”

“सगळ्यांनाच टाकतो, मॅडम. आता कुठे कागद जोडावा लागतो? नोटीस शंभरात एखाद्याला येते. त्याचं नशीब.”

“त्याला मूल आहे का, ते तरी विचारलंस?”

तो हसला. खरंच, अगदी मनापासून हसला. “मॅडम, फक्त रक्कम भरायची असते. मुलाचा तिथे रकानाच नाही.”

उत्तर बरोबर होतं, ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. तुझ्या रांगेतल्या प्रत्येकाला मी आता सांगणार आहे, असं म्हणाले आणि खरोखर सांगितलं, मोठ्या आवाजात. की पुरावा नसलेली वजावट म्हणजे उद्या व्याजासकट कर, वर कराइतका ते तिप्पट दंड, आणि नोटीस ह्याच्या नावाने नाही, तुमच्या नावाने येते. रांगेतले दोघे गेले. बाकीचे तिथेच उभे राहिले, उलट मी त्यांचा नंबर अडवतेय असं पाहत.

परत आल्यावर मी बुधाजीला म्हटलं, “अधिकाऱ्यासमोर खरं सांगायचं. तिन्ही वजावटी मागे घेतो, कर आणि व्याज भरतो, असं लिहून द्यायचं. दंड टळेल असं वचन देत नाही. गेल्या वर्षीचंही त्यानेच भरलंय ना? ते आजच सुधारू.”

“ते करीन, बाई. पैसे भरीन. पन हौसाला कसं सांगू? तिला पुरावा पायजे.”

आता मात्र माझी पंचाईत झाली. आख्खी हयात मी लोकांना पुरावे जपायला सांगत आले. विमा भरलात, पावती ठेवा. कर्ज घेतलंत, बँकेचा दाखला ठेवा. देणगी दिलीत, ट्रस्टचा पॅन आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती ठेवा. पण जे घडलंच नाही त्याची पावती कोण देतं? न घेतलेल्या कर्जाचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?

“घरातले सगळे कागद आणा,” मी म्हटलं. “आणि बायकोलाही. माझ्या नावाने बोलवा.”

हौसाबाई शनिवारी आल्या, भावाला खाली गिरणीपाशी उभा करून. ताठ बाई. बुधाजी एका खुर्चीवर, तर त्या दुसऱ्या टोकाला बाकावर.

“तुमी त्याच्या बाजूच्या,” त्या मला म्हणाल्या. “पैसे तो देणार.”

“मी त्याच्या बाजूची नाही. मला तुमच्या नवऱ्याचाही संताप आलाय,” मी म्हटलं आणि रिटर्न त्यांच्यापुढे धरलं. “पण हे कर्ज खोटं आहे.”

“लिवलेलं खोटं कसं?”

“ह्याच कागदावर आणखी एक लिहिलंय. तुमच्या नवऱ्याने तीस हजार रुपये दान केले.”

“कोनी?”

“बुधाजींनी. एका ट्रस्टला.”

हौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. “ह्यानं? तीस हजार?” त्यांना हसू फुटलं, नको असताना फुटलं. “बाई, एकवीराआईच्या पेटीत एकावन्न टाकायचे तर हा तीनदा खिसा चाचपतंय!”

“मग? देणगी खोटी तसंच कर्ज खोटं. एकाच माणसाने एका बैठकीत दोन्ही लिहिलंय. पासबुक बघा, वर्षभरात एक हप्ता गेलेला नाही.”

त्या बराच वेळ पासबुकाची पानं उलटत राहिल्या. बुधाजी घाम पुसत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, “मंग ह्या सगल्यात खरं काय हाय?”

खरं एकच होतं. बुधाजीच्या पिशवीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली आरोग्य विम्याची पॉलिसी. गेली पाच वर्षं न चुकता भरलेली. एवढी एक गोष्ट सरळ करायची, तर तीही त्याने एजंटाच्या हातात रोख देऊन केलेली. प्रीमियम रोख भरला की वजावट मिळत नाही. चेकने भरला असता तर हा एक आकडा तरी हक्काचा होता, पंधरा नाही तरी नऊ हजार. खोट्याचा परतावा घेतला आणि खऱ्याचा गमावला. अशा माणसांचं करायचं काय?

“हे खरं,” मी म्हटलं. “करात उपयोगाचं नाही, पण खरं. तुमच्या दोघांचा विमा आहे. तुम्ही आजारी पडलात तर हॉस्पिटलचा खर्च निघेल.”

“माझं नाव हाय?”

“आहे ना.”

“वाचा.”

मी अर्जाची प्रत वाचायला घेतली. पाच वर्षांपूर्वीची, खाली बुधाजीची वाकडी सही. कामाच्या सवयीने वाचत गेले, एका सुरात, ओळीमागून ओळ. “नाव, बुधाजी काशिराम कोळी. पत्नी, हौसा बुधाजी कोळी. वारस, पत्नी. अवलंबून असलेली मुलं, निरंक.”

“निरंक म्हंजे?”

मी थांबले. थांबायला उशीर झाला होता.

“म्हणजे... नाहीत.”

हौसाबाईंनी मान हलवली. कागद माझ्या हातातून घेतला, जिथे माझं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं, जरा वेळ तसंच. मग दुधाच्या पिशवीत घालून घडी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. “नीट ठेव. आन् पुढल्या वक्ताला चेकनं भर, बाई बोलतात तसं.” बुधाजी उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला ते लपवताही येत नव्हतं. “चल,” त्या म्हणाल्या, “भावाला सांगते, उरणला नाय येत म्हनून.”

तो भराभर जिना उतरला, बायकोचं मन पुन्हा बदलेल ह्या भीतीने. त्या मात्र दारात थांबल्या. टेबलावर खोटं रिटर्न तसंच पडलं होतं, त्याच्याकडे त्या पाहत होत्या.

“खऱ्या कागदात पोर नाय, असं लिवलंय,” त्या म्हणाल्या. “ह्या खोट्या कागदात व्हतं एक. इतकं शिकत व्हतं, का बापाला कर्ज काढाया लागलं.”

मी ते रिटर्न फायलीत घालायला उचललं.

“बाई, पोरगी व्हती का पोरगा? काय शिकत व्हतं?”

मी कागद पुन्हा पाहिल्यासारखं केलं. तिथे अडुसष्ट हजारांचा आकडा होता, दुसरं काहीच नव्हतं. आणि इंद्रजीतचंच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्या तोंडून बाहेर पडलं.

“हौसाबाई, त्याचा तिथे रकानाच नाही.”